पन्हळीतून गडगडणारी गोळी हिशोबापेक्षा हळू का येते? (अकरावीचं प्रॅक्टिकल)

डिचोलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याने घरीच एक प्रयोग मांडला आणि तीन दिवस आम्ही दोघं त्यात अडकून पडलोय.

खिडक्यांचं काम झालं तेव्हा उरलेला ॲल्युमिनियमचा चॅनेल घरात होता, दीड मीटर लांब. त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर उंच ठेवलं आणि गॅरेजवाल्याकडून आणलेली बेअरिंगची मोठी गोळी वरून सोडली. दहा वेळा वेळ मोजली, सरासरी आली २.२४ सेकंद. गोळी थांबलेल्या स्थितीतून सुटते आणि वेग एकसारखा वाढत जातो, म्हणून शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट धरला. ३ भागिले २.२४, म्हणजे १.३४ मीटर प्रति सेकंद.

आधी त्याने √(2gh) वापरलं, उत्तर १.७१ आलं. फरक बघून वहीत लिहिलं की ३९ टक्के ऊर्जा घर्षणात गेली. शिक्षकांनी लाल पेनाने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘गोळी घसरली नाही, गडगडली.’ मग त्याने भरीव गोळ्याचं सूत्र घेतलं, तर १.४५ आलं. तरी मोजलेल्या आकड्याशी जुळत नाहीच. आता तो म्हणतो माझी मोजणीच चुकली असणार.

आणखी एक गोष्ट. गोळी चॅनेलमधून फरशीवर आली की एकदम पुढे पळते, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बाळा, उतार संपल्यावर वेग कसा वाढेल, तुला भास होतोय. मी कॉमर्सची, मला यातलं फारसं कळत नाही. पण त्याचा चेहरा उतरलेला बघवत नाही. कोणी सांगेल का?

पर्वरीचा_इंजिनियर
ताई, मुलाचं दुसरं सूत्र बरोबर आहे. भरीव गोळा गडगडताना सात भागांपैकी पाच भाग ऊर्जा पुढे जाण्यात असते आणि दोन भाग स्वतःभोवती फिरण्यात. त्यावरूनच १.४५ येतं. उरलेला फरक घर्षणाचा. १.३४ आणि १.४५ यांच्या वर्गांचं गुणोत्तर काढलं तर साधारण १५ टक्के कमी भरतं. स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांवर घासतात, तेवढं जाणारच. वहीत ‘घर्षणामुळे १५ टक्के घट’ लिहू दे आणि विषय संपवा.

उतारवाट
माझा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. मी दर रविवारी सायकलने चोर्ला घाट करतो. ग्रुपमध्ये एक जण जड चाकं लावून येतो आणि सांगतो, फिरणारं वजन जास्त असलं की उतारावर सायकल जास्त पळते. गोळीत ऊर्जा फिरण्यात जात असेल तर जड चाकं उलट हळू करतील ना? की माझं काही चुकतंय?

प्रयोगवही
मी बत्तीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आहे. ताई, मुलाला आधी सांगा की १.३४ हा आकडा खोडू नकोस. दहा वेळा मोजून आलेली गोष्ट सूत्राशी जुळत नाही म्हणून चुकीची ठरत नसते.

इंजिनियर साहेब, १५ टक्के घर्षणाच्या नावावर टाकायची घाई करू नका. गोळी न घसरता गडगडते तेव्हा तिचा जो बिंदू चॅनेलला टेकलेला असतो तो त्या क्षणी स्थिर असतो. घर्षणाचं बल तिथे आहे, पण ज्या बिंदूवर ते लागतं तो सरकतच नाही. मग ऊर्जा खाणार कशी? ते बल गोळीला मागे ओढतं आणि त्याच वेळी तिला फिरवतं. पुढे जाण्यातून जेवढं काढून घेतं तेवढंच फिरण्यात घालतं. या खिशातलं त्या खिशात. घर्षण नसतं तर गोळी फिरलीच नसती, नुसती घसरत आली असती आणि खाली १.७१ने पोचली असती.

आता मला तीन मापं हवीत. गोळीचा व्यास किती? चॅनेलची आतली रुंदी किती? आणि गोळी चॅनेलच्या तळाला टेकते की दोन काठांवर बसते? तिसऱ्याचं उत्तर मुलाने डोळ्याने बघून द्यावं, अंदाजाने नको. गोळीखालून कागदाची पट्टी सरकवून बघ म्हणावं.

पर्वरीचा_इंजिनियर
तत्त्व मान्य आहे, पण खरा पृष्ठभाग थोडा दबतो आणि त्यात ऊर्जा जाते. गाडीचा टायर गरम होतो तो त्यामुळेच. शून्य म्हणता येणार नाही.

प्रयोगवही
शून्य मीही म्हणत नाही. रबराचा टायर खूप दबतो. कडक स्टीलची गोळी इतकी थोडी दबते की दीड मीटरमध्ये १५ टक्के जाणं मला पटत नाही. मापं येऊ देत.

डिचोलीची_आई
काका, गोळीचा व्यास २५ मिलिमीटर. चॅनेल आतून १५ मिलिमीटर रुंद, बाहेरून उंची १२. कागदाची पट्टी खालून सहज गेली, अडकली नाही. म्हणजे गोळी काठांवरच बसते.

प्रयोगवही
मला वाटलंच होतं. आता बघा.

गोळी सपाट फळीवर गडगडते तेव्हा टेकण्याचा बिंदू केंद्रापासून पूर्ण त्रिज्येवर असतो, म्हणजे १२.५ मिलिमीटरवर. पण तुमची गोळी दोन काठांच्या मध्ये थोडी खाली उतरली आहे. केंद्रापासून काठांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं उभं अंतर पूर्ण त्रिज्येपेक्षा कमी आहे. ते काढायला पायथागोरस पुरतो. कर्ण १२.५, आडवी बाजू रुंदीच्या अर्धी म्हणजे ७.५, तर उभी बाजू बरोबर १०. गोळी दिसते २५ची, पण चालते २०च्या चाकासारखी.

लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. म्हणून त्याच वेगाला ही गोळी सपाट फळीवरच्यापेक्षा सव्वापट जोरात फिरते. फिरण्याची ऊर्जा त्या वेगाच्या वर्गावर जाते, म्हणजे ती दीडपटीहून थोडी जास्त होते. अवघड भाग एवढाच.

```
mgh = ½mv² + ½Iω²     I = (2/5)mr²     ω = v/s
v² = 2gh / (1 + 0.4 r²/s²)
r = 12.5 mm, s = 10 mm :  0.4 × 1.5625 = 0.625
v² = 2.94 / 1.625 = 1.81     v = 1.345 m/s
```

मुलाने मोजलं १.३४. मला तर आनंदच झाला बघून.

आणि त्याचे पहिले ३९ टक्के आठवा. ऊर्जेचा पुढे जाण्याचा वाटा १ भागिले १.६२५, म्हणजे साडेएकसष्ट टक्के. उरलेले साडेअडतीस फिरण्यात. जी ऊर्जा घर्षणात हरवली असं त्याने लिहिलं होतं ती सगळी त्याच्या डोळ्यासमोर गोळीत फिरत होती. आकडा त्याने बरोबर पकडला होता, नाव चुकीचं दिलं.

पर्वरीचा_इंजिनियर
हे माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या पुस्तकात उतार नेहमी सपाटच असायचा, सूत्र पाठ, की झालं. माझं पाच-सप्तमांश सपाट उतारापुरतंच खरं.

तरी एक शंका. स्टॉपवॉच हाताने दाबताना दशांश सेकंद इकडेतिकडे होतोच. २.२४ ऐवजी २.१४ असता तर वेग १.४० आला असता. मग १.३४ आणि १.४५ यांतला फरक नक्की चॅनेलचा की अंगठ्याचा, कसं सांगणार?

प्रयोगवही
रास्त शंका आहे. एकाच वेळच्या मोजणीवर मीही पैज लावली नसती. सपाट फळीवर २.०७ सेकंद लागायला हवेत आणि चॅनेलमध्ये २.२३. फरक फक्त ०.१६ चा. दहा वेळच्या सरासरीने अंगठ्याची चूक बरीच दबते, पण मुलगा प्रत्येक वेळी थोडा उशिराच दाबत असेल तर सरासरीनेही ती जात नाही.

म्हणून घड्याळ बाजूला ठेवा. मार्करने गोळीवर ठिपका काढायचा आणि गोळी बोटाने हळूहळू ढकलत पाच फेरे मोजायचे. टेबलावर पाच फेऱ्यांत ती साधारण ३९ सेंटिमीटर जाईल. चॅनेलच्या काठांवर ३१च्या आसपास. हा फरक साध्या पट्टीने दिसतो.

डिचोलीची_आई
आत्ताच केलं, स्वयंपाक ठेवून. टेबलावर ३९, चॅनेलवर साडेएकतीस. ठिपका चॅनेलवर कसा लगबगीने वर येतो ते मलासुद्धा दिसलं! मुलगा उड्या मारतोय. देव बरें करूं, काका.

उतारवाट
माझ्या चाकांचं राहिलंच.

प्रयोगवही
राहिलं नाही, भाऊ, सांगतो. चाकाचं जवळजवळ सगळं वजन रिम आणि टायरमध्ये, म्हणजे कडेला असतं. कडेचं वजन फिरण्यासाठी तेवढीच ऊर्जा पुन्हा एकदा घेतं. समजा तुम्ही सायकलसकट ८५ किलो आणि दोन्ही चाकांच्या कडा मिळून अडीच किलो. हिशोबात ८५ ऐवजी साडेसत्याऐंशी किलो हलवावे लागतात. वेगात फरक जेमतेम दीड टक्का, तोही कमी होण्याच्या बाजूने. ताईंच्या गोळीत फिरण्याचा वाटा मोठा कारण ती सगळीच्या सगळी फिरते. सायकलवर तुम्ही स्वतः फिरत नाही, फक्त चाकं फिरतात.

मित्राचा अनुभव खोटा नसेल. एकूण वजन जास्त असलं की घाटात वारा माणसाला तेवढा अडवू शकत नाही, म्हणून जड माणूस खाली लवकर येतो. पण ते श्रेय वजनाचं. तेच वजन कॅरिअरवर ठेवलं असतं तरी चाललं असतं.

उतारवाट
म्हणजे त्याचा अनुभव खरा, कारण चुकीचं. रविवारी साखळी गावात चहा पिताना सांगतो त्याला.

बागायतदार_सत्तरी
मी बागायतीतला माणूस, सूत्र मला येत नाही. पण आमच्याकडे उतारावरून नारळ गडगडत येतात ते लहानपणापासून बघतोय. पाण्याने भरलेला आणि आत सुकून खोबरं सुटं झालेला, दोन्ही सारखे पळत नाहीत. पाणी फिरतं का आतमध्ये?

प्रयोगवही
बाब, प्रश्न छान आहे, पण सोललेला नसेल तर नारळ गोल नसतो, त्यामुळे त्याच्यावर हिशोब चालवणं कठीण. बाटलीवर चालतो. एक बाटली पाण्याने गच्च भरा, दुसरी तशीच भरून फ्रीझरमध्ये गोठवा. बर्फ बाटलीबरोबर सगळाच फिरतो. पाणी मात्र छोट्या उतारावर जवळजवळ जागच्या जागी राहतं, भिंतीलगतचा पातळ थर तेवढा ओढला जातो. पाणी पुढे जातं, पण फिरत नाही, म्हणून फिरण्यात ऊर्जा कमी जाते आणि पाण्याची बाटली पुढे निघते. लॅबमध्ये मी कित्येक वर्षं हे दाखवलं आहे. उतार लांब असला की पाणीही हळूहळू फिरू लागतं, त्यात घासलं जाऊन थोडी ऊर्जा तापायला जाते. तुमच्या नारळात खोबरं आणि पाणी दोन्ही असतात, तिथे काय होतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

बागायतदार_सत्तरी
सोलून बघतो मग.

डिचोलीची_आई
काका, फरशीवर आल्यावर गोळी पळते त्याचं काय? मुलगा अजून त्यावर अडून बसलाय. मला वाटतं मी त्याला उगाच गप्प केलं.

प्रयोगवही
तो बरोबर आहे आणि तुम्ही त्याला तसं सांगायला हवं.

चॅनेलवर गोळी दहा मिलिमीटर त्रिज्येच्या चाकासारखी फिरत येते. फरशीवर पाऊल ठेवलं की ती पुन्हा साडेबाराची होते. पण फिरण्याचा वेग अजून जुनाच, म्हणजे या नव्या त्रिज्येला हवा त्याहून जास्त. गोळीचा तळ फरशीवर मागे घासतो, चिखलात मोटरसायकलचं मागचं चाक घासतं तसा. घर्षण मग गोळीला पुढे ढकलतं. इथे खरोखर घसरणं आहे, म्हणून थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, पण फिरण्यातली बरीच ऊर्जा पुढे जाण्यात परत येते. माझ्या हिशोबाने १.३४५ वरून १.४४. पाच ते दहा सेंटिमीटरच्या आत सगळं उरकतं. त्यात जाते ती एक टक्क्याच्या आसपासची ऊर्जा.

फक्त तुमच्या मांडणीत गोळी चॅनेलच्या काठावरून जवळजवळ एक सेंटिमीटर खाली पडते आणि उडते, त्यामुळे नीट दिसत नाही. चॅनेलच्या खालच्या टोकाला ९ मिलिमीटरची प्लाय टेकवून ठेवा. काठ १२ वर, गोळीचा तळ काठाच्या अडीच मिलिमीटर खाली. प्लायवर ती अलगद उतरेल. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बाजूला पट्टी ठेवून बघा.

पर्वरीचा_इंजिनियर
मला आता मोह आवरेना. गोळी चॅनेलच्या रुंदीपेक्षा थोडीशीच मोठी घेतली तर? काचेची गोटी साधारण १६ मिलिमीटरची असते. त्रिज्या ८, आडवी बाजू ७.५. उभी बाजू फक्त २.८ च्या आसपास येते. म्हणजे ती अगदी पातळ दांड्यासारखी चालेल! सूत्रात घातलं तर वेग ०.८३ आणि वेळ ३.६३ सेकंद. मोठ्या गोळीपेक्षा जवळजवळ दीड सेकंद जास्त. हे घड्याळात लपणार नाही.

प्रयोगवही
वा! आता तुम्ही खरे लॅबमध्ये आलात. आणि ती प्लायवर उतरली की दीडपट वेगाने उसळी घेईल, कारण तिच्या ऊर्जेचा चौथा हिस्सासुद्धा पुढे जाण्यात नसतो. सगळी कमाई फिरण्यात साठलेली. प्लाय मात्र ६ मिलिमीटरची घ्या, गोटी जास्त खाली बसते, जाडसर प्लायच्या कडेला आपटेल.

डिचोलीची_आई
करून बघितलं! गोट्या शेजारच्या मुलांकडून आणल्या. गोटी इतकी सावकाश येते की मला वाटलं कुठेतरी अडली. पण फिरते बघा किती जोरात, आतली रंगीत पाकळी दिसेनाशी होते. आणि प्लायवर उतरली की सुसाट पळते, सोफ्याखाली जाऊन थांबते. भास नव्हता रे बाळा, असं मी त्याला समोर बसवून सांगितलं.

पण वेळ ३.६३ नाही आली. दहा वेळची सरासरी ३.८. आता हे काय?

पर्वरीचा_इंजिनियर
३.८ म्हणजे वेग ०.७९, ऊर्जा नऊ टक्के कमी. काका, आता तरी मला घर्षण म्हणू द्या. गोटी काठांवर नुसती गडगडत नाही. काठ तिरका टेकतो, त्यामुळे टेकलेल्या जागी गोटी पेच फिरवल्यासारखी थोडी घुमते. ते घुमणं घासतंच. गोटी जितकी खोल बसेल तितकं ते जास्त.

प्रयोगवही
ते घुमणं खरं आहे, आणि मोठ्या गोळीत ते कमी होतं हेही खरं. पण नऊ टक्के त्याच्या नावावर टाकण्याआधी गोटी मोजा. बाजारातली गोटी १६ची म्हणतात, अगदी १६ असतेच असं नाही. मी १५.९ धरून बघितलं, वेळ ३.७७ येते. दहावा हिस्सा मिलिमीटरने बहुतेक सगळा फरक भरून निघतो. गोटी फटीत जवळजवळ बसायला आली की सूत्र व्यासाला भयंकर हळवं होतं, २५च्या गोळीत तसं नव्हतं. शिवाय काचेच्या गोट्या पूर्ण गोल क्वचितच असतात. व्हर्निअरने तीन बाजूंनी मोजायला सांगा, आणि चॅनेलची रुंदीसुद्धा वर, मध्ये, खाली अशी तिन्ही ठिकाणी.

पर्वरीचा_इंजिनियर
आणि समजा मापं निघाली १६.०? मग?

प्रयोगवही
मग तुमचं घुमणं. तेव्हा काठांना थोडं तेल लावून पुन्हा वेळ घ्यायची. वेळ कमी झाली तर तुमची बाजू भक्कम होते. पण तेल जास्त झालं तर गोटी घसरूही लागेल, मग वेगळ्याच कारणाने वेळ कमी होईल. ठिपका काढून फेरे मोजायला विसरू नका.

डिचोलीची_आई
घरात व्हर्निअर नाही. सोमवारी तो शाळेच्या लॅबमधून मागून आणेल, गोट्या खिशात घालून नेतोय. आकडे आले की इथेच टाकते.